एकसष्ट फोटो, एक्कावन्न पानं : विस्कटलेल्या फायलीचा क्रमवार सारांश

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या मांडणीचं शब्दांकन)



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये एखाद्या सरकारी फायलीचे फोटो पडून असतात. मशिदीच्या जमिनीची फाईल असेल, शाळेच्या मान्यतेची असेल, कब्रस्तानची असेल. कुणीतरी कचेरीत गेलं, तासाभराचा वेळ मिळाला, भराभर फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. मग चार दिवसांनी कुणी विचारतं, ‘फायलीत नेमकं काय आहे?’ तेव्हा सगळे आपापल्या फोनमध्ये वरखाली करत बसतात. आज मी या फोटोंचं काय करायचं, एवढंच सांगणार आहे. त्यांचा एक सलग, क्रमवार सारांश कसा करायचा, आणि सारांशातलं प्रत्येक वाक्य कोणत्या पानावरून आलं हे कसं दाखवायचं.

मराठवाड्यातल्या एका कब्रस्तानच्या फायलीचं उदाहरण घेतो. गावाचं नाव आणि कचेरीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. तिघे जण फाईल पाहायला गेले होते. वेळ कमी होता, म्हणून फायलीची दोरी सोडून तिचे तीन गठ्ठे केले आणि तिघांनी तीन फोनवर फोटो काढले. एकाने २८, दुसऱ्याने १९, तिसऱ्याने १४. एकूण ६१ फोटो. ते सगळे एका ग्रुपवर एकमेकांत मिसळून आले. आमच्याकडे काम आलं त्याआधी कुणीतरी ते आले त्या क्रमाने वाचून एक पानभर सारांश लिहिलेला होता. त्यात वाक्य होतं, ‘संस्थेची मागणी फेटाळण्यात आली.’ विश्वस्तांनी ते वाचलं आणि प्रकरण संपलं असं धरलं. फाईल नीट लावल्यावर दिसलं की मागणी फेटाळलेलीच नव्हती. हे कसं घडलं ते पुढे सांगतो, कारण सगळी पद्धत त्या एका सांध्यात दिसते.

तीन वेगवेगळे क्रमांक

सर्वांत आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा. एका कागदाला तीन क्रमांक असतात आणि त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं बिघडतं.

पहिला फोटोचा क्रमांक. हा आपण देतो. दुसरा फायलीचा पृष्ठक्रमांक. कचेरीतल्या कारकुनाने फाईल लावताना कागदाच्या वरच्या कोपऱ्यात हाताने, बहुधा लाल शाईने, टाकलेला आकडा. आमच्या फायलीत तो १ ते ५१ होता, शेवटच्या कागदावर ५१ स्पष्ट दिसत होता. त्याला आपण ‘लाल क्रमांक’ म्हणू. तिसरा त्या दस्तऐवजाचा स्वतःचा पृष्ठक्रमांक. नऊ पानांचा आदेश असेल तर त्यावर १ ते ९ छापलेलं असतं. फायलीत दहा दस्तऐवज असतील तर ‘पान ५’ पाच-सहा वेळा येऊ शकतं. ‘पान ५ वर लिहिलंय’ असं कुणी म्हटलं की आपण लगेच विचारायचं, कुठलं ५?

सारांशात हे तिन्ही क्रमांक लागतात. लाल क्रमांक कचेरीशी बोलताना लागतो, कारण तिथे तोच ओळखला जातो. दस्तऐवजाचा क्रमांक वकिलाला लागतो. फोटोचा क्रमांक आपल्याला लागतो, वाक्य पुन्हा तपासायला.

फोन काय सांगतो, काय सांगत नाही

आम्ही सगळे फोटो एका फोल्डरमध्ये घेतले. मूळ फोटोंची एक प्रत बाजूला ठेवली, तिला हात लावायचा नाही. दुसऱ्या प्रतीला ००१ ते ०६१ अशी नावं दिली. हा क्रमांक पानाचा क्रम दाखवत नाही, तो फक्त ओळख पटवायला आहे. म्हणून पुढे क्रम कितीही बदलला तरी फोटोचं नाव बदलायचं नाही. ‘०४४’ हा कायम ‘०४४’ राहतो. तुम्ही क्रम कळेल तसं नाव बदलत गेलात तर दोन दिवसांनी कुणी कुठला फोटो पाहून काय लिहिलं, याचा माग लागत नाही.

आता प्रश्न येतो की फोनने दिलेल्या मूळ नावावरून क्रम लावता येईल का. थोडासा. अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यातून आलेल्या फाईलचं नाव बहुधा `IMG_20240914_113205.jpg` असं असतं. यात तारीख आणि वेळ आहे, तास-मिनिट-सेकंदासह. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचं नाव `IMG-20240914-WA0031.jpg` असं होतं. यातला शेवटचा आकडा तुमच्या फोनवर त्या दिवशी फोटो कितवा आला ते सांगतो. तो पानाचा क्रमांक नाही, फोटो काढण्याचा क्रमही नाही. दोघांच्या फोनवर एकाच फोटोला वेगळा आकडा मिळू शकतो. शिवाय फोटो म्हणून पाठवलेल्या फाईलमधून व्हॉट्सॲप आतली वेळेची नोंद काढून टाकतं आणि फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे बारीक अक्षर पुसट होतं. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाईल जशीच्या तशी येते. म्हणून आम्ही तिघांनाही सांगितलं, पुन्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दोघांनी पाठवले. तिसऱ्याने, म्हणजे १९ फोटोवाल्याने, मूळ फोटो फोनमधून काढून टाकले होते.

ज्यांना संगणकावर काम करायची सवय आहे त्यांच्यासाठी, फोटो काढल्याची वेळ एका ओळीत यादी करून मिळते:

```
exiftool -T -FileName -DateTimeOriginal . > yadi.txt
```

ज्या फोटोत वेळ शिल्लक नाही तिथे यादीत नुसती आडवी रेघ येते. आमच्या यादीत १९ रेघा आल्या. संगणक नसेल तर फोनच्या गॅलरीत फोटोची माहिती उघडून वेळ बघता येते, जरा वेळ लागतो एवढंच.

वेळेवरून काय कळतं? पाच-सात सेकंदांच्या अंतराने काढलेले दोन फोटो बहुधा शेजारच्या पानांचे असतात. पण कुठल्या दिशेने शेजारचे, ते कळत नाही. १४ फोटोवाल्याने आपला गठ्ठा उलटा धरून शेवटच्या पानापासून सुरुवात केली होती. हे समजलं ते असं: त्याच्या पहिल्या फोटोवर लाल ५१ दिसत होता आणि तिसऱ्यावर लाल ४९. दोन जागी लाल आकडा दिसला की दिशा ठरते. म्हणजे वेळ हा आधार आहे, पण तो एकटा पुरेसा नाही.

नोंदवही: वाचण्याआधी लिहायचं

बहुतेक जण इथेच घाई करतात. फोटो उघडला, मजकूर वाचला आणि सारांश लिहायला लागले. आम्ही आधी एक तक्ता केला. प्रत्येक फोटोसाठी एक ओळ. रकाने सात: फोटो क्रमांक, लाल क्रमांक, छापील पृष्ठक्रमांक, पानाची पहिली पाच-सहा अक्षरशः तशीच उतरवलेली अक्षरं-शब्द, तसेच शेवटचे पाच-सहा शब्द, पानावर दिसणारी तारीख किंवा जावक क्रमांक, आणि शेरा. जे दिसत नाही तिथे ‘दिसत नाही’ असं लिहायचं. अंदाजाने भरायचं नाही.

पहिले आणि शेवटचे शब्द का? कारण पानं त्यांनीच एकमेकांना चिकटतात. ही युक्ती जुनी आहे. आपल्याकडच्या उर्दू-फारसी हस्तलिखितांत पानाच्या तळाशी कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवत. त्याला रिकाब म्हणतात. पोथी सुटली तरी त्या एका शब्दावरून पानं पुन्हा लावता येत. टंकलेखन करणारे कारकूनही पानाच्या तळाशी ‘..२’ असं टंकतात, म्हणजे पुढे पान २ आहे. ‘कृ. मा. प.’ लिहिलेलं असेल तर मागच्या बाजूला मजकूर आहे. या खुणा दिसल्या की शेऱ्यात टिपून घ्यायच्या.

६१ ओळी भरायला दोघांना साडेतीन तास लागले. पण तक्ता भरल्यावर हिशेब लगेच मांडता आला. ९ फोटो दुबार होते, म्हणजे त्याच पानाचा दुसरा फोटो. उरले ५२. त्यांतले ४ फोटो कागदाच्या मागच्या बाजूचे होते, ज्यावर हाताने शेरे होते. मागच्या बाजूला लाल क्रमांक नसतो, ती तिच्या पुढच्या बाजूबरोबर जाते. उरले ४८. लाल क्रमांक मात्र ५१ पर्यंत. म्हणजे एकही ओळ वाचण्याआधी कळलं की ३ कागदांचे फोटो आपल्याकडे नाहीत.

दुबार फोटोंबद्दल दोन शब्द. ते काढून टाकू नका. एका फोटोत अंगठ्याखाली कोपरा गेलेला असतो, दुसऱ्यात तोच कोपरा दिसतो पण तळाची ओळ कापलेली असते. दोन्ही मिळून एक पान पूर्ण होतं. आणि दुबार दिसणारं सगळंच दुबार नसतं. आमच्या फायलीत एकच पत्र लाल २८ ला होतं आणि पुन्हा लाल ४५ ला. दुसऱ्यावर आवक शिक्का होता आणि कुणीतरी बाजूला ‘तपासून सादर करा’ असं लिहिलं होतं. मजकूर तोच, पण तो दुसरा कागद आहे. त्यावरून कळतं की पत्र दुसऱ्या शाखेपर्यंत कधी पोचलं.

सांधा जुळवणं

४८ पानांपैकी ३१ पानांवर लाल क्रमांक स्पष्ट होता. ती आपापल्या जागी बसली. उरली १७, जिथे कोपरा फोटोबाहेर गेलेला किंवा शाई उडालेली. खरं काम या १७ पानांचं.

आता त्या ‘फेटाळण्यात आली’कडे येऊ. फायलीत दोन आदेश होते. पहिला, कब्रस्तानची नोंद करून घेण्याच्या अर्जावरचा, लाल १८ ते २६, नऊ पानांचा. दुसरा, शेजारच्या अतिक्रमणाच्या तक्रारीवरचा, लाल ३३ ते ३९, सात पानांचा. दोन्ही संगणकावर टंकलेले, एकाच कचेरीचे, एकाच नमुन्याचे. दोन्हींच्या पाचव्या पानावर मधोमध छापील ‘५’ होता, आणि दोन्हींच्या पाचव्या पानाचा लाल क्रमांक फोटोत आलेला नव्हता.

पहिल्या आदेशाचं चौथं पान असं संपत होतं: ‘वरील कागदपत्रे विचारात घेता अर्जदार संस्थेची मागणी’. आणि ‘५’ क्रमांकाची दोन पानं हातात होती. एक सुरू होत होतं ‘फेटाळण्यात येत आहे.’ दुसरं सुरू होत होतं ‘निर्णयार्थ घेण्यापूर्वी प्रत्यक्ष मोजणी होणे आवश्यक आहे.’ बघा, व्याकरणाने दोन्ही जुळतात. ‘संस्थेची मागणी फेटाळण्यात येत आहे’ हे वाक्य तर इतकं सरळ आहे की कुणालाही शंका येणार नाही. ग्रुपवर ते पान आधी आलं होतं, म्हणून आधीच्या सारांशात ते जोडलं गेलं.

म्हणून नियम असा की वाक्य जुळलं यावर थांबायचं नाही. आम्ही चार गोष्टी पाहिल्या. पहिली आणि सगळ्यांत भक्कम, परिच्छेदाचे क्रमांक. पहिल्या आदेशाचं चौथं पान परिच्छेद ११ वर संपत होतं. ‘फेटाळण्यात’वाल्या पानावर पुढचा परिच्छेद ९ होता, ‘मोजणी’वाल्या पानावर १२. इथेच उत्तर मिळालं, तरी पुढच्या तीन गोष्टीही पाहिल्या. ‘फेटाळण्यात’वाल्या पानावर खाली ‘प्रतिवादी क्र. २’ असा उल्लेख होता. पहिल्या आदेशात प्रतिवादी क्र. २ कुणी नाहीच. तिसरी गोष्ट लिहिण्याची सवय: पहिल्या आदेशात सगळीकडे ‘कब्रस्तान’, दुसऱ्यात सगळीकडे ‘कबरस्तान’. टंकणारे दोन वेगळे. चौथी, पहिल्या आदेशाच्या प्रत्येक पानावर डाव्या बाजूला झेरॉक्स मशीनची एक बारीक काळी उभी रेघ होती, काचेवर कचरा असला की येते तशी. ‘मोजणी’वाल्या पानावर ती रेघ होती, दुसऱ्यावर नव्हती.

आणि शेवटी उलट तपासणी. एक पान इथे बसत असेल तर दुसरं तिकडे बसायला हवं. दुसऱ्या आदेशाचं चौथं पान संपत होतं, ‘प्रतिवादी क्र. २ यांची मुदतवाढीची मागणी’. त्यापुढे ‘फेटाळण्यात येत आहे.’ म्हणजे फेटाळली गेली ती समोरच्या पक्षाची मुदतवाढीची मागणी. कब्रस्तानच्या नोंदीबाबत आदेश म्हणत होता, आधी मोजणी करा. मोजणीच्या पाठपुराव्याचं काम तेव्हापासून पडून राहिलं होतं, कारण सगळे हरलो असं समजून बसले होते.

असे १७ पैकी १२ पानांचे सांधे वाक्य आणि परिच्छेद क्रमांकाने लागले. ४ पत्रं तारीख आणि जावक क्रमांकावरून लागली. शेवटचं एक पान उरलं, तारीख नसलेलं स्मरणपत्र. आणि रिकाम्या जागा चार: लाल २३, २४, ३० आणि ४१. २३ आणि २४ या जागा आदेशाच्या पोटात आहेत, तिथे स्मरणपत्र असू शकत नाही. लाल ४० हे मोजणीबाबतचं पत्र आहे आणि त्याच्या तळाशी ‘सोबत : नकाशा’ लिहिलंय, म्हणजे ४१ हा बहुधा नकाशा. मग स्मरणपत्राला जागा उरते ३०. हे आम्ही मान्य केलं, पण तक्त्यात त्यापुढे ‘अंदाज’ असं लिहिलं. पक्कं आणि अंदाज यांतला फरक तक्त्यातून सारांशापर्यंत जायला हवा. तो वाटेत गळला तर अंदाजच पुढे पुरावा म्हणून फिरू लागतो.

उर्दू पानं

मराठवाड्यातल्या फायलींत हा भाग हमखास येतो. लाल ५, ६, ७ या तीन आडव्या कागदांवर निजामाच्या काळातल्या मुंतखबाची झेरॉक्स होती. प्रत्येक कागदावर दोन पानं शेजारी शेजारी. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून कागदावरचं उजवं पान आधी आणि डावं नंतर. मराठीच्या सवयीने डावं आधी घेतलं की तिन्ही कागदांवर पानांचा क्रम १-२ ऐवजी २-१ होतो. आम्ही सारांशात ‘लाल ५ उजवे’, ‘लाल ५ डावे’ असंच लिहिलं.

आकड्यांनाही जपायला हवं. उर्दू पाच हा इंग्रजी शून्यासारखा दिसतो आणि उर्दू शून्य म्हणजे नुसता ठिपका. झेरॉक्सवरचा डाग आणि शून्य यांत फरक करणं कधी कधी कठीण होतं. फोटो उलटा धरला गेला तर सात आणि आठ एकमेकांची जागा घेतात. क्षेत्र आणि सर्व्हे नंबर म्हणूनच उर्दू वाचणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांचं न बघता वाचावेत आणि मग ताडून पाहावेत.

तारखेचंही तसंच. मुंतखबावर सन १३५० होतं आणि पुढे ‘फसली’ लिहिलेलं होतं. फायलीत त्याचं मराठी भाषांतरही होतं, लाल ८ ते १०. त्यात भाषांतरकाराने ‘१३५० हिजरी’ केलं होतं. हैदराबाद संस्थानातल्या फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १९४०-४१. हिजरी १३५० म्हणजे १९३१-३२. नऊ वर्षांचा फरक. मूळ आणि भाषांतर फायलीत लागून आहेत, पण ग्रुपवर त्यांच्यामध्ये वीस फोटो होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सारांशात आम्ही भाषांतर दुरुस्त केलं नाही. दोन्ही नोंदी आपापल्या पानासह लिहिल्या आणि खाली ‘दोन्हींत तफावत आहे’ असं म्हटलं. सारांश लिहिणाऱ्याने कागद सुधारायचा नसतो, कागदावर काय आहे ते सांगायचं असतं.

सारांश कसा दिसतो

आता लिहायला घ्यायचं. ५१ पानांचा आमचा सारांश साडेचार पानांचा झाला. सुरुवातीला दस्तऐवजांची यादी, लाल क्रमांकाच्या क्रमाने: अर्ज १ ते ४, मुंतखब ५ ते ७, भाषांतर ८ ते १०, सातबारा, फेरफार आणि खासरा पत्रक ११ ते १७, असं पुढे. मग त्याच क्रमाने प्रत्येक दस्तऐवजाचा मजकूर थोडक्यात. प्रत्येक वाक्याच्या शेवटी कंसात खूण. नमुना वाचून दाखवतो:

‘पहिला आदेश (लाल १८–२६, ९ पैकी ७ पाने उपलब्ध). संस्थेच्या मागणीवर निर्णय घेण्यापूर्वी प्रत्यक्ष मोजणी आवश्यक आहे, असे म्हटले आहे. [लाल २१–२२, आदेश पृ. ४–५, फोटो ०४४, ००९] [लाल २३–२४ यांचे फोटो नाहीत. परिच्छेद १३ चा उरलेला भाग आणि परिच्छेद १४ ते १७ यांत काय आहे ते माहीत नाही.] मोजणी करून अहवाल सादर करण्याचा आदेश. [लाल २६, आदेश पृ. ९, फोटो ०३७]’

यात तीन गोष्टी बघा. खूण वाक्याच्या शेवटी आहे, परिच्छेदाच्या शेवटी नाही. परिच्छेदाला एकच खूण दिली तर पाच वाक्यांपैकी कुठलं कुठून आलं ते शोधत बसावं लागतं. दुसरं, जे पान नाही त्याची खूणही त्याच्या जागीच आहे. तळटीपेत नाही, शेवटी नाही. वाचणारा २२ वरून २५ वर उडी मारतोय हे त्याला तिथल्या तिथे कळायला हवं. तिसरं, ‘असे म्हटले आहे’. दस्तऐवज काय म्हणतो आणि आपल्याला काय वाटतं, हे वेगळं राहिलं पाहिजे. आपलं मत लिहायचं असेल तर ते शेवटच्या वेगळ्या पानावर.

काही जण विचारतात, सारांश तारखेच्या क्रमाने का लिहू नये? घटना समजायला ते सोपं वाटतं. पण फायलीचा क्रम आणि घटनांचा क्रम एक नसतो. १९५४-५५ चं खासरा पत्रक कुणीतरी कितीतरी वर्षांनी अर्जाला जोडलेलं असतं. तुम्ही तारखेप्रमाणे पानं हलवलीत तर कोणता कागद कोणत्या अर्जाबरोबर आला हा दुवा तुटतो, आणि तो दुवा कधी कधी निर्णायक असतो. म्हणून सारांश फायलीच्या क्रमाने, आणि शेवटी एका पानावर तारखांची यादी, तीही लाल क्रमांकांसह.

फोटोतला मजकूर आपोआप टंकून देणारी साधनं आहेत. `tesseract` मोफत आहे आणि त्यात मराठी, उर्दू, इंग्रजी तिन्ही चालतात:

```
tesseract 009.jpg 009 -l mar+eng
```

सरळ, उजेडात काढलेल्या टंकलिखित पानावर याचा चांगला उपयोग होतो, विशेषतः सगळ्या फायलीत एखादं नाव शोधायला. हस्तलिखित शेरे आणि नस्तालीक लिपीतली जुनी उर्दू यावर ते भरवशाचं नाही. आणि आकडा कधीही त्यावरून उचलायचा नाही, फोटोत डोळ्यांनी बघायचा.

तपासणी

सारांश झाला की तो लिहिणाऱ्याने तपासायचा नाही. आमच्या गटातल्या वकिलीच्या एका विद्यार्थिनीने तो घेतला. तिने दोन कामं केली. सारांशातली सगळी वाक्यं खुणेवरून उलटी तपासली, म्हणजे खूण बघायची, तो फोटो उघडायचा आणि वाक्य तिथे आहे का ते पाहायचं. आणि लाल क्रमांक १ ते ५१ एका कागदावर लिहून सारांशात जो जो आला तो खोडत गेली. शेवटी पाच आकडे उरले. तीन आपल्याकडे नसलेले: २३, २४, ४१. उरलेले दोन नुसती पाठवणीची पत्रं होती, ती सारांशात घेण्यासारखी नव्हती. पण तेही लिहायला हवं: ‘लाल ३१, ४८ : केवळ पाठवणीची पत्रे’. म्हणजे एकही पान बेवारस राहत नाही. ‘४१’ सारांशात आधी खुणेशिवाय राहून गेला होता, तो याच वेळी त्याच्या जागी लिहिला गेला.

पुढे काय

या सारांशाची मर्यादा सांगून थांबतो. फोटो म्हणजे प्रमाणित प्रत नव्हे आणि सारांश म्हणजे पुरावा नव्हे. न्यायाधिकरणासमोर किंवा न्यायालयात चालतं ते प्रमाणित प्रतीचं काम. सारांशाने एवढंच होतं की नेमकं काय मागायचं ते कळतं. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये अभिलेखांची पाहणी करणं, टिपणं घेणं आणि प्रमाणित प्रती मिळवणं हे तिन्ही येतं. त्या लोकांनी दुसरा अर्ज केला तेव्हा ‘संपूर्ण फाईल द्यावी’ असं लिहिलं नाही. लिहिलं ते असं: लाल पृष्ठ २३, २४ आणि ४१, तसेच पहिल्या आदेशाची उरलेली ७ पानं, प्रमाणित प्रतीत. दहा पानं, पानाला २ रुपयांप्रमाणे २० रुपये, अर्जाचे १० वेगळे. आणि मोजणीच्या पाठपुराव्याचं पत्र त्याच दिवशी गेलं, त्यात आदेशाच्या परिच्छेद १२ चा आणि लाल २६ चा उल्लेख होता.

आणि पुढच्या वेळी फाईल बघायला जाल तेव्हा कचेरीची परवानगी घेऊन फोटो काढताना तीन गोष्टी करा. आधी शेवटच्या पानाचा फोटो काढा, म्हणजे एकूण पानं किती ते कळेल. प्रत्येक फोटोत वरचा लाल क्रमांकाचा कोपरा आणि तळाची ओळ आली आहे का ते बघूनच पान उलटा, मागची बाजू कोरी नसेल तर तिचाही फोटो काढा. आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवून होईपर्यंत फोनमधून काढू नका.

तुमच्यापैकी ज्यांनी स्वतःच्या फायलीचे फोटो आणलेत, त्यांनी आता नोंदवहीचा तक्ता घ्या. पहिले दहा फोटो इथेच भरू.